शॉर्टमधून २.४९ आणि लोडमधून ३.९८?

टू-पोर्ट नेटवर्कचे Y पॅरामीटर मोजायचे आणि त्यांवरून लोडमधला करंट काढायचा, हा प्रयोग लॅबमध्ये झाला त्या दिवशी मी तापाने घरी होतो. सबमिशन तोंडावर आलं तरी जर्नलमधलं ते पान कोरंच होतं. मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारी लॅब मोकळी आहे. सुटे भाग घेऊन ये आणि स्वतः मांड." मग आदल्या संध्याकाळी बुधवार पेठेत जाऊन, पासोड्या विठोबाच्या बाजूच्या एका दुकानातून एक किलोओहमचे मेटल फिल्म रेझिस्टर आणि एक ४७० ओहमचा घेऊन आलो.

ब्रेडबोर्डवर टी आकाराचं नेटवर्क मांडलं. पहिल्या पोर्टकडून आत येणाऱ्या बाजूला १ किलोओहम, दुसऱ्या पोर्टच्या बाजूला २ किलोओहम आणि मधून खाली कॉमनला २ किलोओहम. दोन किलोओहमच्या जागी एक-एक किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापाठोपाठ जोडले. दोन्ही बाजू मुद्दाम सारख्या ठेवल्या नाहीत. सारख्या असत्या तर Y11 आणि Y22 एकच आले असते आणि पोर्टची अदलाबदल झाली असती तरी कळलं नसतं.

दोन पोर्टवरचे व्होल्टेज V1, V2 आणि करंट I1, I2 यांना जोडणारे चार आकडे म्हणजे Y पॅरामीटर. समीकरणं अशी आहेत:

```
I1 = Y11*V1 + Y12*V2
I2 = Y21*V1 + Y22*V2
```

दुसरा पोर्ट शॉर्ट केला की V2 शून्य होतो आणि दोन्ही ओळींतली दुसरी पदं गळून पडतात. उरलेल्या I1 आणि I2 ला V1 ने भागलं की Y11 आणि Y21 हातात येतात. नंतर उलट करायचं: सप्लाय दुसऱ्या पोर्टला, शॉर्ट पहिल्याला, म्हणजे Y12 आणि Y22 मिळतात. शॉर्टमधून जाणारा करंट मोजायचा असल्याने शॉर्टची वायर म्हणजे मिलिअ‍ॅम्पियरवर लावलेला मल्टिमीटरच. पहिला घोळ इथेच झाला.

मी सप्लाय ५ व्होल्टवर ठेवला होता. दशांशानंतर जास्त आकडे दिसावेत म्हणून मीटर २ मिलिअ‍ॅम्पियरच्या रेंजवर लावला. हिशोबाने शॉर्टमधून १.२५ मिलिअ‍ॅम्पियर यायला हवे होते, आले १.२०५. रेझिस्टर एक टक्क्याचे होते, त्यामुळे जवळजवळ चार टक्क्यांची तूट त्यांच्या माथी मारता येत नव्हती. शेजारच्या टेबलावर लॅबचे काका वायरी गुंडाळत होते. त्यांनी दुसरा मीटर व्होल्टवर करून माझ्या शॉर्टच्या दोन टोकांना लावला. ०.१२ व्होल्ट! "शॉर्टवर व्होल्टेज दिसतंय, मग तो शॉर्ट कसला?" म्हणाले. त्या रेंजवर मीटरच्या आत १०० ओहमचा शंट असतो. म्हणजे मी पोर्ट शॉर्ट केलाच नव्हता, त्याला १०० ओहमचा लोड लावला होता. २० मिलिअ‍ॅम्पियरच्या रेंजवर हाच शंट १० ओहम होतो. रेंज बदलली, एक आकडा कमी झाल्याची भरपाई म्हणून सप्लाय १० व्होल्टवर नेला आणि हे १० व्होल्ट सप्लायच्या डिस्प्लेवर न वाचता थेट पोर्टच्या टोकांवर मोजून लावले. मालिकेतल्या करंट मीटरवर थोडं व्होल्टेज पडतं, ते असं हिशोबाबाहेर राहतं.

आता रीडिंग नीट आली. दुसरा पोर्ट शॉर्ट असताना आत जाणारा करंट ४.९९ आणि शॉर्टमधला २.४९ मिलिअ‍ॅम्पियर. मग सप्लाय काढून दुसऱ्या पोर्टला जोडला, पहिला पोर्ट शॉर्ट केला, तेव्हा ३.७४ आणि २.४९. दोन्ही शॉर्टमधली रीडिंग सारखी आली, आणि ती यायलाच हवी होती. नुसत्या रेझिस्टरच्या नेटवर्कमध्ये Y12 आणि Y21 एकच असतात. ती वेगळी निघाली असती तर मी लगेच जोडणी तपासली असती.

मग गणिताला बसलो. दुसऱ्या पोर्टवर शॉर्टच्या जागी लोड RL १ किलोओहम, V1 १० व्होल्ट, आणि लोडमधला करंट काढायचा. Y21 म्हणून ०.२४९ मिलिसीमेन्स घेतला, Y22 म्हणून ०.३७४, आणि V2 च्या जागी I2 गुणिले RL घातलं. उत्तर आलं ३.९८ मिलिअ‍ॅम्पियर. मी ते जर्नलमध्ये लिहूनही टाकलं.

मॅडमनी पान बघितलं आणि एकच विचारलं, "शॉर्टमधून किती गेला होता?" २.४९. "आणि लोडमधून ३.९८?"

त्यावर मी गप्प झालो, कारण चूक तिथल्या तिथे दिसत होती. दुसऱ्या पोर्टकडून बघितलं तर अख्खं नेटवर्क म्हणजे आतमध्ये थोडा रोध असलेला एक सोर्स आहे. शॉर्टला तो जितका करंट देतो त्याहून जास्त कुठल्याही रेझिस्टरला देऊ शकत नाही. शॉर्टच्या जागी १ किलोओहम आला की करंट घटणार, वाढणार नाही.

चुका दोन होत्या आणि दोन्ही चिन्हांच्या. समीकरणात I1 आणि I2 दोन्ही पोर्टमध्ये आत जाणारे धरलेले असतात. माझ्या मीटरची लाल पिन पोर्टच्या वरच्या टोकाला आणि काळी कॉमनला होती. करंट पोर्टमधून बाहेर पडून लाल पिनमध्ये शिरत होता, म्हणून मीटर अधिक २.४९ दाखवत होता. पण आत जाणारा करंट अधिक धरला तर I2 उणे २.४९ झाला, आणि Y21 उणे ०.२४९ मिलिसीमेन्स. Y12 चंही तसंच. दुसरी चूक लोडची. लोडमधून जाणारा करंट पोर्टमधून बाहेर निघालेला असतो, म्हणून V2 बरोबर उणे I2 गुणिले RL. फक्त पहिली चूक सुधारली असती तर उत्तर उणे ३.९८ आलं असतं, आकडा तोच चुकीचा राहिला असता. फक्त दुसरी सुधारली असती तर आकडा बरोबर आला असता, पण लोडमधला करंट उलट्या दिशेने दाखवला गेला असता.

दोन्ही सुधारून समीकरण असं उरलं:

```
V2 = -Y21*V1 / (Y22 + 1/RL)
   = 0.249*10 / (0.374 + 1)
   = 1.81 V
IL = V2/RL = 1.81 mA
```

इथे Y चे आकडे मिलिसीमेन्समध्ये आणि RL किलोओहममध्ये आहे, त्यामुळे करंट आपोआप मिलिअ‍ॅम्पियरमध्ये येतो. मीटर आता लोडच्या मालिकेत जोडला आणि सप्लाय चालू केला. १.८१.

मॅडमनी सही करण्याआधी ४७० ओहमचा रेझिस्टर पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "आता काहीही न मोजता सांग." Y तेच राहिले, फक्त 1/RL बदलून २.१२८ झालं. V2 ०.९९५ व्होल्ट आला आणि करंट २.१२ मिलिअ‍ॅम्पियर. या वेळी शॉर्टच्या २.४९ च्या आत आहे ना, हे आधी बघितलं. मग रेझिस्टर बदलून मीटर लावला, २.१२ च्या आसपास आकडा आला आणि सही झाली.

ओरलला मॅडमनी एक वेगळा प्रश्न विचारला, तो अजून डोक्यात आहे. टी मधले दोन्ही आडवे रेझिस्टर काढून वायर टाकली, नुसता मधला उभा ठेवला, तर Y11 किती? मी कागदावर शॉर्ट काढून बघितला. शॉर्ट थेट सप्लायवर बसला. करंटला मर्यादाच राहिली नाही, म्हणजे त्या नेटवर्कला Y पॅरामीटर नाहीतच. तिथे पोर्ट उघडे ठेवून Z काढावे लागतात.