आमची वाटचाल : माल ज्या भावाने गेला, त्याच भावाने परत

अण्णांनी १९८८ साली सांगलीच्या गणपती पेठेत इलेक्ट्रिकल मालाचा घाऊक धंदा सुरू केला. स्विच, होल्डर, वायर. गिऱ्हाईक विटा, तासगाव, जत भागातले दुकानदार. वह्या दिवाणजी लिहायचे आणि अक्षर असं, की छापल्यासारखं. मी २०१५ ला गल्ल्यावर बसलो तेव्हा त्या अक्षराला शंका विचारायची माझी हिंमत नव्हती.

आमच्या मालावर लिस्टचा भाव छापलेला असतो आणि त्यावर दुकानदाराला २५ टक्के व्यापारी सूट. दिवाणजी २०,००० चा माल विक्रीत २०,००० लिहायचे आणि ५,००० ‘दिलेली सूट’ खात्याला नावे टाकायचे. नफ्याला त्याने धक्का लागत नाही, म्हणून कोणी बोललं नाही. जुलै २०१७ ला जीएसटी आला. बिलावरच सूट वजा होऊन कर १५,००० वर लागायचा. वर्षअखेरीला रिटर्नमधली विक्री एक आणि वहीतली भलतीच. सीएंनी वही पुढे सरकवली आणि म्हणाले, “जे पैसे तुम्ही कधी मागणारच नव्हता, ते विक्रीत कशाला?”

तेव्हापासून व्यापारी सूट फक्त बिलावर दिसते, खतावणीत तिला जागा नाही. दुकानदाराच्या नावे १७,७०० : माल १५,०००, कर १८ टक्क्यांनी २,७००. सूट खात्यात उरली ती फक्त रोख सूट, ज्याला बाजारात सीडी म्हणतात. दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के, नाहीतर महिन्याची उधारी. पूर्वी ही रक्कम त्या ढिगाऱ्यात दिसतच नव्हती. वेगळी झाल्यावर कळलं, की वीस दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून आपण दोन टक्के सोडतो, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने ३६ टक्क्यांच्या वर. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची उचल, त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. तरीही सीडी मी बंद केली नाही. बुडीत उधारीपेक्षा ती बरी वाटते.

खरी गळती मात्र परत मालात होती. एका दुकानदाराने वरच्याच बिलातले लिस्टभावाने ४,००० चे स्विच परत पाठवले, रंग चुकला होता. आमच्या पोराने खोक्यावरचा भाव बघून ४,००० आणि कर ७२० अशी ४,७२० ची क्रेडिट नोट केली. माल गेला होता ३,००० ला. कर ५४० धरून ३,५४० व्हायला हवे होते. ११८० रुपये आम्ही हसत हसत देऊन टाकले. दुकानदार कशाला बोलेल? हे मला कसं कळलं, तर विक्री परत पुस्तकातल्या भावांपुढे मूळ बिलांचे भाव मांडले तेव्हा. असल्या नोंदी एक-दोन नव्हत्या.

आता परत मालाच्या चिठ्ठीवर मूळ बिलाचा नंबर नसेल तर माल गोदामाच्या दारातच थांबतो. भाव त्या बिलावरून, खोक्यावरून नाही. स्टॉकमध्ये मात्र तो माल आमच्या खरेदीच्या भावाने चढतो, आणि फुटका असेल तर वेगळ्या मांडणीवर जातो. माल ज्या आर्थिक वर्षात विकला, ते संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरच्या आत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्याच्या आत, क्रेडिट नोट रिटर्नमध्ये दाखवावी लागते, नाहीतर त्यावरचा कर आपल्याच अंगावर पडतो.

एक गाठ मात्र मला उशिरा सुटली. समजा, त्याच १७,७०० च्या बिलाचे पैसे दहा दिवसांत आले. सीडी आम्ही कराशिवायच्या रकमेवर देतो, म्हणजे १५,००० वर ३००. बँकेत १७,४०० जमा, सूट खात्याला ३०० नावे, दुकानदाराचं खातं शून्य. सीडी बिलावर वजा केलेली नसते, त्यामुळे कर २,७०० च राहतो. आणि पंधरा दिवसांनी ते ३,००० चे स्विच परत आले. क्रेडिट नोट ३,५४० ची, बरोबर. पण त्या ३,००० वर ६० रुपये सीडी त्याने आधीच घेतलेली असते. म्हणून दुकानदाराच्या नावे ६० आणि सूट खात्याला ६० जमा, अशी एक नोंद आम्ही करतो. त्याला खरं देणं ३,४८० च निघतं.

तासगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने यावरून फोन केला होता. “साठ रुपयांसाठी हिशेब लिहिता काय, मालक?” मी म्हटलं, “काका, माल ठेवला असता तर साठ तुमचेच होते.” थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बरं, सहा होल्डर पाठवा, पांढरे.”