आजोबांचा घाणा आणि बाटलीतलं तेल

"तुमच्या दुकानाच्या 'आमच्याविषयी' पानावर आजोबांच्या घाण्याची किती छान गोष्ट होती! ती काढून तिथे ओलावा, तारखा आणि आकडे कशाला भरले?"

गोष्ट काढलेली नाही, कापली आहे. आजोबा अजून त्या पानावर आहेत. मात्र आता त्यांच्या नावावर मी तेवढंच लिहितो, जेवढं त्यांनी केलं.

आधीच्या पानावर 'तीन पिढ्यांची अखंड परंपरा' असं होतं. तीन पिढ्या खऱ्या आहेत, 'अखंड' खरं नाही. आजोबांचा बैलघाणा १९८४ मध्ये थांबला. त्यानंतर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, किराणा दुकान चालवलं आणि त्यात रिफाइंड तेलाचे पंधरा किलोचे डबे विकले. मी २०१६ मध्ये लाकडी घाणा बसवला, तो विजेच्या मोटरवर चालतो. म्हणजे मधली बत्तीस वर्षं आमच्या घरात कुणी तेल गाळलेलं नाही. पान लिहिताना हे मला माहीत होतं. तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं की दुकान तेच आहे, घर तेच आहे, ग्राहकाला एवढा तपशील कशाला? आज ते पटत नाही. पण तेव्हा मी फसवायला बसलो होतो असंही कुणी म्हणू नये. आजोबांच्या हाताखाली काम केलेल्या एका म्हाताऱ्या तेल्याकडूनच मी घाणा लावायला शिकलो. तो धागा खरा आहे.

पान बदलण्याचं कारण २०२१ च्या जूनमधला एक माल आहे. तो नीट सांगतो, कारण बाकी सगळं त्यातून निघतं.

उन्हाळी भुईमूग मेच्या शेवटी निघतो. त्या वर्षी काढणी आणि वळवाचे पाऊस एकत्र आले आणि शेंगा अंगणात नीट वाळल्या नाहीत. मी ११२ किलो दाणे घेतले. दाणा टपोरा होता, रंग चांगला होता, भावही बरा मिळाला. वाळलेला दाणा दोन बोटांत दाबला की 'कट्' आवाज करून दोन डाळिंब्या वेगळ्या होतात. हा दाणा दबून मग तुटत होता आणि त्याचं साल बोटाला चिकटत होतं. हे मला दिसलं होतं. दोन दिवस पंख्याखाली पसरला की होईल, असं वाटलं. पण पंख्याने वरचं साल वाळतं, आतला ओलावा तिथेच राहतो.

आमच्या घाण्यात एका वेळी १६ किलो दाणे बसतात. लाट, म्हणजे दाणे चिरडणारा लाकडी दांडा, फिरू लागली की वीसेक मिनिटांत दाण्यांचा भुगा होतो. मग त्यावर चारशे मिलिलिटरच्या आसपास पाणी थोडंथोडं शिंपडावं लागतं. फार कोरडा भुगा लाटेखाली नुसता भुरभुरत फिरतो. थोडं पाणी मिळालं की पेंड घट्ट धरते आणि तेल सुटून बाजूला येतं. पाऊण तासात घाणा होतो आणि गाळ बसल्यावर साडेसहा लिटरच्या जवळपास तेल हाती लागतं. एका लिटरला जवळजवळ अडीच किलो दाणे लागतात ते असे.

ओल्या दाण्याला हे पाणी लागतच नाही. मी सवयीने तेवढंच शिंपडलं. पेंड धरलीच नाही, चिकट लगदा झाला. तेल उशिरा आलं, कमी आलं आणि ताकासारखं गढूळ आलं, कारण पाण्याचे बारीक थेंब आणि दाण्याचा भुगा तेलातच अडकले होते. सात घाण्यांचं मिळून ४१ लिटर तेल निघालं, नेहमी ४५ च्या पुढे निघतं. इथे थांबायला हवं होतं. निदान तेल टाकीत सात-आठ दिवस बसू द्यायला हवं होतं. पण मागण्या साठल्या होत्या. नेहमी चार दिवस ठेवतो, ते तेल मी दुसऱ्याच दिवशी फडक्यातून गाळून पारदर्शक पेट बाटल्यांत भरलं. फडक्याने भुगा अडतो, पाणी अडत नाही.

बाटलीत पुढे काय होतं ते सांगतो, कारण 'गाळ म्हणजे शुद्धतेची खूण' असं तुम्ही अनेक ठिकाणी वाचलं असेल. तळाशी बसलेला गाळ म्हणजे दाण्याचा बारीक भुगा, त्यात प्रथिनं असतात. तो कोरडा असेल तर महिनोन्‌महिने निमूट पडून राहतो. त्याच्या जोडीला पाणी असेल तर उन्हाळ्या-पावसाळ्यात तो आंबतो आणि तेलाला कुबट वास लागतो. शिवाय ओल्या दाण्यातच तेलाचे रेणू तुटायला सुरुवात झालेली असते. त्यातून सुटलेली आम्लं घशाला खवखवतात आणि कढई नेहमीपेक्षा लवकर धुरावते. हे सगळं घाण्याच्या तेलातच दिसतं, कारण रिफायनरीत ही आम्लं, वास आणि रंग धुऊन काढलेले असतात. आमच्याकडे धुणारं काही नाही. दाण्यात जे असेल ते तेलात येतं, चांगलंही आणि वाईटही.

३६ बाटल्या गेल्या होत्या. तीन आठवड्यांनी पुण्याच्या एका ताईंचा निरोप आला. फोडणी घालताना तेल तडतडतं, वास कुबट आहे, आणि खाली हे वाक्य होतं: "तुमच्या पानावर लिहिलंय, आजोबांच्या हातची चव. आजोबांनी हे विकलं असतं का?"

मी उत्तर दिलं की घाण्याच्या तेलाला गाळ असतोच, ते नैसर्गिक आहे. हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो. गाळ असतो हे खरं, पण त्यांनी गाळाची तक्रार केलीच नव्हती. तडतड म्हणजे तेलात पाणी, हे मला पुरतं माहीत होतं. उरलेल्या बाटलीतलं चमचाभर तेल पळीत तापवलं तर तेही तडतडलं.

मग नमुना प्रयोगशाळेत पाठवला. आम्लमूल्य ४.८ आलं. एक ग्रॅम तेलातलं मोकळं आम्ल शमवायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, तो हा आकडा. आमच्या चांगल्या मालाचा १ ते १.५ असतो. शेंगदाणा तेलाला कायद्याची मर्यादा ६ आहे. म्हणजे ते तेल कागदावर पास होतं. तो कागद ताईंना पाठवून मी वाद जिंकू शकलो असतो. एक रात्र तसं मनातही होतं. शेवटी छत्तीसही जणांना पैसे परत केले आणि कारण लिहून कळवलं. काहींनी पुन्हा कधी तेल घेतलं नाही. त्या ताईंनीही नाही.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी बरेच दिवस शोधत होतो. आजोबांनी ते विकलं असतं का? खरं सांगायचं तर त्यांच्यावर ही वेळच आली नसती. गावातली माणसं आपापले दाणे घेऊन यायची, समोर घाणा घालून घ्यायची, तेल किटलीत घेऊन घरी जायची आणि पेंड मजुरीत सोडायची. दाणा ज्याचा त्याचा. तेल दोन-चार आठवड्यांत संपायचं. बाटलीत भरणं, कुरिअरच्या गाडीत तापणं, चार महिने कपाटात राहणं हे त्यांच्या धंद्यात नव्हतंच. त्यामुळे आजोबांच्या कौशल्यातून लाट कशी लावावी आणि पाणी कधी शिंपडावं एवढं कळतं. तुमच्या हातातल्या बाटलीबद्दल त्यातून काही कळत नाही. तिथे माझा निर्णय आणि माझी घाई असते, आणि मी तिच्यावर त्यांचा फोटो लावला होता.

आता पानावर प्रत्येक मालासाठी चार गोष्टी असतात: दाणे कुठल्या तालुक्यातले आणि कोणत्या हंगामातले, घेताना ओलावा किती, घाणा कधी घातला, बाटली कधी भरली. शेवटच्या दोन तारखांत चार दिवसांचं अंतर दिसलं पाहिजे. ओलाव्याचं यंत्र घेतलं आहे, सात टक्क्यांच्या वरचा दाणा घेत नाही. जूनमधल्या त्या मालातले थोडे दाणे राखून ठेवले होते, ते मोजले तर साडेदहाच्या पुढे निघाले. ओलाव्यावर एवढा अडून बसण्याचं आणखी एक कारण आहे. ओल्या दाण्यावर बुरशी धरली तर तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, बरचसं पेंडीत जातं, पण थोडं तेलातही उतरतं आणि फडक्याने ते गाळलं जात नाही. तो धोका दाणा घेतानाच टाळावा लागतो.

'केमिकल-फ्री', 'शुद्ध', 'पारंपरिक' हे शब्द का नाहीत, असंही तुम्ही विचारता. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती आणि दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम आहेत, आणि दुकानाचं पान त्यातून सुटत नाही. त्यांच्या मते 'पारंपरिक' म्हणायचं तर पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि मुळातून न बदललेली हवी. लाकूड तेच आहे, पण बैलाच्या जागी मोटर आली आणि मध्ये बत्तीस वर्षांचा खंड पडला. ही पद्धत बदलली म्हणायची की नाही? मला दोन्ही बाजू दिसतात, म्हणून तो शब्द वापरत नाही. 'कोल्ड प्रेस'ही लिहीत नाही. आम्ही बाहेरून उष्णता देत नाही, पण घर्षणाने घाणा तापतोच. घाणा उतरताना तेल पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतं, तेवढं लिहिलं आहे.

हे पान रूक्ष झालंय, मान्य आहे. विक्री वाढली का विचाराल, तर सुरुवातीचे सहा-सात महिने कमी झाली. आजोबांची गोष्ट वाचून येणारी माणसं आकडे वाचून येत नाहीत. कधीकधी वाटतं, मी जरा जास्तच छाटलं. त्यांच्या पहाटेच्या घाण्याचा परिच्छेद खरा होता. तो परत घालावा का, हे अजून ठरत नाही.

आणि एका वाक्यावरून घरात वाद आहे. 'आजोबांनी १९८४ मध्ये बैल विकला' असं मी लिहिलंय. आप्पा म्हणतात, "बैल विकला हे लोकांना सांगायची काय गरज? घाणा बंद केला म्हण." दोनदा मी ते काढलं आणि दोनदा परत घातलं. सध्या ते पानावर आहे.