हेल्पडेस्कच्या प्लॅनचा घाट: गाडी लाइट एजंटपाशी अडते

आमचा धंदा सोलर वॉटर हीटरचा. विक्री, जोडणी आणि मग पाच वर्षं तक्रारी. या तक्रारी आजवर एका सामायिक जीमेलवर यायच्या, ते सोडून आम्ही हेल्पडेस्क सॉफ्टवेअरवर गेलो. त्याच वाटेने निघालेल्यांसाठी हा वृत्तांत. मेल फॉरवर्ड करणं, डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी घालणं, एवढं येतं असं धरून चालतो. तो भाग सरळ रस्ता आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. आम्हाला दमवलं ते दरपत्रकाने. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. शेवटी आम्ही तिथेच राहिलो, आणि भांडण अजून मिटलेलं नाही.

सगळी मेख एका शब्दात आहे: एजंट. आलेली प्रत्येक तक्रार म्हणजे एक तिकीट, पण तुम्ही पैसे मोजता ते तिकिटांचे नाही, एजंटांचे. आपण समजतो एजंट म्हणजे ग्राहकाला उत्तर देणारा माणूस. दरपत्रकाच्या हिशेबात एजंट म्हणजे आत लॉगिन करू शकणारा प्रत्येक जण. फक्त सेटिंग बदलणारा ॲडमिनही त्यात आला, मालकाचं खातंही आलं. आमच्याकडे उत्तरं देणाऱ्या मुली सहा. पण एक तिकीट पुरतं सुटायला गोदाम, हिशेब आणि फिरते मेकॅनिक यांतल्या कोणाचा तरी हात लागतोच. ती माणसं आठ. म्हणजे एकूण चौदा.

विक्रीवाला फोनवर म्हणाला, "सर, त्या आठ जणांना लाइट एजंट करा, ते फुकट असतात." खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. लाइट एजंट फुकट, पण ही भूमिका मिळते वरच्या प्लॅनमध्ये, आणि वरच्या प्लॅनचा चढा दर सहाही पूर्ण एजंटांना लागतो. हा एकाच कंपनीचा प्रकार नाही. झेनडेस्कच्या सूट प्लॅनमध्येही लाइट एजंट सगळ्यांत खालच्या टीम प्लॅनला नसतात, त्याच्या वरच्या प्लॅनमध्ये मिळतात.

आता गणित. दर सोपे करून सांगतो: खालचा प्लॅन माणशी महिना १,२०० रुपये, वरचा २,४००. चौदाही जणांना खालच्या प्लॅनमध्ये पूर्ण एजंट केलं तर १६,८००. सहा पूर्ण एजंट वरच्या प्लॅनमध्ये आणि आठ लाइट फुकट, तर १४,४००. वरचा प्लॅन स्वस्त पडला, म्हणून आम्ही खुशीत तोच घेतला. पण त्या आठांतल्या तिघांना ग्राहकाला थेट लिहावंच लागतं असं निघालं, की पूर्ण एजंट नऊ होतात आणि बिल २१,६०० वर जातं. सगळा खेळ या तिघांचा आहे. म्हणून किती लोक लागतील ते विचारू नका, ग्राहकाला दिसणारं वाक्य कोण लिहितो ते विचारा. हे अंदाजाने सांगता येत नाही. जुन्या मेलबॉक्समधली गेल्या महिन्याची पन्नासेक संभाषणं उघडा आणि प्रत्येकात ग्राहकाला गेलेल्या मेलखाली कोणाचं नाव आहे ते टिपून ठेवा. ही यादी विक्रीवाल्याला भेटायच्या आधी हातात हवी.

आता अवघड टप्पा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. लाइट एजंटला तिकीट दिसतं आणि त्यावर अंतर्गत टीप लिहिता येते. बस. ग्राहकाला उत्तर देता येत नाही, तिकीट स्वतःच्या नावावर घेता येत नाही, स्थिती बदलता येत नाही. गोदामातले मामा टीप लिहायचे, "हीटिंग एलिमेंट पाठवलं, पावती लावली आहे." टीप तिकिटात जाऊन बसायची. तिकीट मात्र 'प्रलंबित' स्थितीत, म्हणजे ग्राहकाकडून काही यायचं आहे असं दाखवत. आमच्या मुलींच्या यादीत प्रलंबित तिकिटं दिसतच नाहीत, दिसू नयेत म्हणूनच तर ती स्थिती असते. माल पोचायचा, पण आपला माल निघाला हे ग्राहकाला कोणी कळवलेलं नसायचं. मग तो चिडून फोन करायचा, आणि मामा म्हणायचे, "मी तर लिहिलंय की!" लिहिलेलं असायचंही.

उपाय आहे, आणि तो ट्रिगरमध्ये, म्हणजे तिकिटात बदल झाला की आपोआप चालणाऱ्या नियमात आहे. तिकीट बदललं, शेवटची टीप अंतर्गत आहे आणि तिच्यात ठरलेला शब्द आहे, अशा तीन अटी घाला. कृती दोन: स्थिती 'खुलं' करा आणि तिकीट ज्याच्या नावावर आहे त्याला कळवा. आम्ही शब्द ठरवला `#gele`. मुद्दाम रोमन लिपीत, कारण मामा फोनवरून लिहितात आणि देवनागरीत 'गेले', 'गेलं', 'गेलेत' यांतलं काय उमटेल सांगता येत नाही. हिशेबवाल्यांसाठी `#jama`. यानंतर ही अडचण जवळपास संपली. टीपेतला मजकूर तपासण्याची ही अट तुमच्या प्लॅनमधल्या ट्रिगरमध्ये आहे का, ते पैसे भरण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ती नसेल तर लाइट एजंट म्हणजे नुसते प्रेक्षक, आणि त्यांच्यासाठी वरच्या प्लॅनला एक रुपयाही जास्त देऊ नका.

पैसे वाचवायला दोन आडवाटा लोक सुचवतात. पहिली, एकाच लॉगिनवर दोघांनी काम करायचं. करू नका. करारात बहुतेक ठिकाणी मनाई असते, ते सोडा. एका तिकिटावर दोघं एकदम लिहीत असले की सॉफ्टवेअर इशारा देतं, तो इशारा माणसावर नाही, लॉगिनवर चालतो. दोघांचं लॉगिन एकच असलं तर इशारा येत नाही आणि ग्राहकाला दोन वेगवेगळी उत्तरं जातात. दुसरी वाट अधिक धोक्याची: गोदामवाल्याला एजंट न करता तिकिटावर फक्त सीसीमध्ये ठेवायचं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मग तो ग्राहकाच्या बाजूचा माणूस ठरतो, आणि त्याने 'सगळ्यांना उत्तर' दाबलं की ते उत्तर सार्वजनिक होऊन ग्राहकाकडे जातं. आमच्या एका मेकॅनिकने लिहिलं होतं, "टाकी ह्यांनीच वाकवली आहे, वॉरंटी देऊ नका." ते ग्राहकाने वाचलं. वॉरंटी द्यावी लागली, हे सांगायला नकोच.

ज्यांच्याकडे काही माणसं महिन्यातून मोजके दिवसच लॉगिन करतात, त्यांनी फ्रेशडेस्कची अधूनमधून येणाऱ्या एजंटांची सोय पाहावी. तिथे अशा माणसासाठी दिवसाचा पास असतो, ज्या दिवशी लॉगिन केलं त्या दिवशीचा पास खर्च होतो. हिशेबनीस महिन्याअखेर तीन दिवस येत असेल तर हे लाइट एजंटपेक्षा बरं, कारण त्या दिवशी त्याला ग्राहकाला उत्तरही देता येतं. पण रोज सकाळी सवयीने नुसतं उघडून बघणारा माणूस असेल तर पास भसाभस संपतात.

दुसरा दणका जुन्या तिकिटांचा. आमची वॉरंटी पाच वर्षांची, त्यामुळे याच टाकीची पहिली तक्रार कधी आली हा प्रश्न रोजचा. दरपत्रकात 'इतिहास' हा एकच शब्द असतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात: जुनं तिकीट शोधून उघडता येतं का, अहवालात किती मागचे आकडे येतात, आणि सगळं बाहेर काढून नेता येतं का. विक्रीवाला पहिल्याला हो म्हणतो आणि तुम्ही तिन्हींना हो समजता.

यात एक गोष्ट घाबरवते, पण घाबरायचं कारण नसतं. झेनडेस्कमध्ये तिकीट बंद झाल्यावर १२० दिवसांनी संग्रहात जातं आणि रोजच्या याद्यांतून नाहीसं होतं. ते पुसलेलं नसतं, शोधलं की सापडतं. शोधाच्या चौकटीत असं लिहून बघा:

```
type:ticket created<2023-01-01
```

खरी मर्यादा असलेल्या प्लॅनमध्ये मात्र शोधूनही काही मिळत नाही. शिवाय नव्या चाचणी खात्यात जुनं काही नसतंच, त्यामुळे ही मर्यादा चाचणीत कळूच शकत नाही. लेखी विचारा: मर्यादा ओलांडलेलं तिकीट लपतं की पुसलं जातं, आणि प्लॅन वाढवला तर परत दिसतं का?

निर्यातीचंही तसंच. सीएसव्ही फाइल मिळते म्हणून निश्चिंत होऊ नका. अशा फाइलीत बहुधा विषय, तारीख, स्थिती असतं, संभाषण नसतं. झेनडेस्कच्या सीएसव्ही निर्यातीत टिपा येत नाहीत, त्यासाठी जेसन निर्यात किंवा एपीआय लागतो. पाच-दहा खोटी तिकिटं करा, त्यांत उत्तरं आणि फोटो घाला, निर्यात करा आणि फाइल उघडून वाचा. चहा होईपर्यंत हे काम उरकतं.

ऑटोमेशनबद्दल थोडक्यात, कारण इथवर येईतो मी थकलो होतो. पोच देणारा मेल, विषयातल्या शब्दावरून तिकीट योग्य गटाकडे नेणं, हे खालच्या प्लॅनमध्ये सहसा मिळतं. आळीपाळीने वाटप, कौशल्याप्रमाणे वाटप, एसएलएची म्हणजे उत्तराच्या ठरलेल्या मुदतीची घड्याळं, यांसाठी वर चढावं लागतं. झेनडेस्क सूटमध्येही एसएलए टीमच्या वरच्या प्लॅनमध्येच आहे. आळीपाळीच्या वाटपाला सहा माणसांत काही अर्थ नाही, त्यासाठी पैसे घालवू नका. एसएलए घ्या, पण कामाचे तास आणि सुट्ट्या त्याच प्लॅनमध्ये भरता येतात का ते आधी पाहून. नाहीतर शनिवारी रात्री आलेल्या तक्रारीचं घड्याळ रविवारभर चालतं आणि सोमवारी सकाळी अख्खी यादी लाल.

खालच्या प्लॅनमध्ये एसएलएचं काम वेळेवर चालणाऱ्या नियमांवर भागवता येतं. पण हे नियम पुष्कळ ठिकाणी तासातून एकदाच चालतात, तेव्हा 'चार तासांनी आठवण' पाच तासांच्या आसपासही येऊ शकते. आणि नियमाने स्वतःलाच थांबवलं पाहिजे. आठवण पाठवताना `reminded` असा टॅग लावा आणि हा टॅग नसेल तरच नियम चालावा अशी अट घाला. नाहीतर दर तासाला तीच आठवण.

सगळ्यांत चीड येते ती चाचणीची. चाचणीत बहुतेक वेळा वरचा प्लॅन उघडा करून देतात. तुम्ही हौसेने नियम रचता, मग खालचा प्लॅन घेता आणि निम्मे नियम बंद पडतात. पहिल्याच दिवशी चाचणीचं खातं तुम्ही घेणार असाल त्याच प्लॅनवर आणायला सांगा. तसं करता येत नाही म्हणाले, तर कोणते नियम बंद पडतील याची यादी मेलवर मागा.

बिलाचं इतकंच. 'माणशी महिना' म्हणून मोठ्या अक्षरात छापलेला दर वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्यांचा असतो. वर १८ टक्के जीएसटी, आणि परदेशी कंपनीचं डॉलरमधलं बिल असेल तर तो रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा. वार्षिक करारात एजंट मध्येच वाढवता येतात, कमी मात्र बहुतेक ठिकाणी नूतनीकरणालाच करता येतात. दिवाळीच्या गर्दीसाठी घेतलेली दोन माणसं मग वर्षभर बिलात राहतात, तेव्हा हंगामी माणसांसाठी मासिक दर मिळतो का ते करारात लिहून घ्या. आणि नूतनीकरणाआधी किती दिवस नोटीस द्यायची ते शोधून ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका, हिशेबनीसाच्याही.