मीटरवर बारा व्होल्ट दिसतात, तरी पीसी रिस्टार्ट का होतो?

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. सांगलीत विश्रामबागला घरातल्याच एका खोलीत बसतो. पीसी सहा वर्षांचा आहे. रायझन ५ प्रोसेसर, १२५ वॉटचं जीटीएक्स १६६० सुपर कार्ड आणि ५५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पीसीला वीज पुरवणारा डबा. यंदा उन्हाळ्यात तो एक्स्पोर्ट चालू असताना आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, स्क्रीन काळा होऊन थेट लोगो. टाइमलाइनवर दिवसभर कट मारा, काही होत नाही. एक्स्पोर्टला लावला की मात्र कधी पाच मिनिटांत, कधी पाऊण तासाने दगा. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला जास्तच.

दुकानातून उत्तर आलं, “फॉरमॅट मारून बघू की दादा.” ऐन सीझनमध्ये फॉरमॅट म्हणजे आठवडा गेला. त्याआधी Event Viewer मध्ये System चा लॉग उघडला. प्रत्येक रिस्टार्टपाशी Kernel-Power 41 आणि तपशिलात BugcheckCode 0. ही ४१ नंबरची नोंद एकटी काही सिद्ध करत नाही, प्लग उपटला तरी तीच येते. पण शून्य कोड म्हणजे विंडोजला क्रॅश नोंदवायला सवडच मिळाली नाही. तापमान नोंदवणाऱ्या HWiNFO64 चा लॉग चालू ठेवून एक्स्पोर्ट लावला. शेवटच्या ओळीत प्रोसेसर ७४ अंश, कार्ड ७१, म्हणजे तापण्याचाही प्रश्न नव्हता. MemTest86 रात्रभर चालवला, रॅम निर्दोष. राहिला एसएमपीएस.

एसएमपीएस बहुतेक वेळा एका दिवसात मरत नाही, आतून थकत जातो. त्यात दोन जागी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. भिंतीकडच्या बाजूचा मोठा कपॅसिटर वीज क्षणभर साठवून ठेवतो. लाईट जरा डचमळली तरी साधारण १६ मिलिसेकंद गाडी ओढायची ही त्याची जबाबदारी. दुसरे छोटे कपॅसिटर आउटपुटला असतात आणि १२ व्होल्टची लाइन सपाट ठेवतात. उष्णतेने त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षं सुकत जातो. मग साठवण कमी होते आणि अंतर्गत रोध वाढतो. कार्डाने एकदम जास्त करंट मागितला, की एसएमपीएसचं नियंत्रण जागं होईपर्यंतचा तो क्षण याच कपॅसिटरनी भरून काढायचा असतो. तो भरला नाही तर व्होल्टेज खाली बुडी मारतो.

एसएमपीएस मदरबोर्डला ‘आउटपुट ठीक आहे’ सांगणारा एक सिग्नल सतत देत असतो, त्याला पॉवर गुड म्हणतात. बुडी खोल गेली की तो सिग्नल पडतो आणि बोर्ड सगळं रीसेट करतो. लगेच व्होल्टेज सावरतो, म्हणून पीसी पुन्हा चालू होतो. पीसी बंद पडून मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठलाच नाही, तर बहुधा ओव्हरलोड किंवा शॉर्टचं संरक्षण लागलेलं असतं. तो तपास वेगळा. माझं दुखणं पहिल्या जातीचं दिसत होतं. संध्याकाळचा हिशोबही जुळत होता, कारण आमच्याकडे त्या वेळी लाईट डीम होते आणि मोठ्या कपॅसिटरवर जास्त ओझं येतं.

आधी स्वस्तातले संशयित काढले. जुना यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला करून पीसी सरळ भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावला. फरक पडला नाही. मग चालू प्रोजेक्टची हार्डडिस्क काढून ठेवली, कारण चाचणीत मुद्दाम रिस्टार्ट घडवायचे होते आणि लिहिता लिहिता लाईट गेलेली डिस्क नंतर रडवते.

लोड वेगवेगळा दिला. फक्त प्रोसेसरवर Prime95, ठीक. फक्त कार्डावर FurMark, तेही ठीक. दोन्ही एकदम सुरू करायचा सल्ला मी पाळला नाही. थकलेल्या एसएमपीएसला खऱ्या कामापेक्षा जास्त दाबलं तर तो जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो. त्याऐवजी नेहमीचाच एक्स्पोर्ट लावला आणि MSI Afterburner मध्ये कार्डाची Power Limit ६५ टक्क्यांवर आणली. म्हणजे कार्ड ८० वॉटच्या आसपास. एक्स्पोर्ट हळू चालला, पण अख्खी संध्याकाळ एकदाही रिस्टार्ट नाही. मर्यादा १०० वर नेली आणि पहिल्याच तासात स्क्रीन काळा. सॉफ्टवेअरचा दोष असा वॉटवर अवलंबून नसतो. मात्र कार्डच बिघडलं असेल तरी असंच दिसू शकतं, म्हणून अजून निकाल लागला नव्हता.

मल्टिमीटर लावला तो मोलेक्सच्या मोकळ्या कनेक्टरवर. त्यात पिवळी तार १२ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या ग्राउंड, लाल ५ व्होल्ट. पीसी बंद असतानाच प्रोब घट्ट खोचले, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवला, मग चालू केला. चालू पीसीत हातात प्रोब धरून चाचपडलं आणि टोक घसरलं, तर पिवळी-काळी शॉर्ट होते. नुसतं बसल्यावर १२.१०, एक्स्पोर्टला ११.६८. नियमाप्रमाणे ११.४० ते १२.६० चालतं, म्हणजे कागदावर पास. आणि रिस्टार्ट झाला तेव्हाही आकडा ११.६८ वरच होता!

गोंधळ इथेच होतो. साधा मीटर सेकंदाला दोन-तीन वेळा सरासरी दाखवतो. काही मिलिसेकंदांची बुडी आणि त्या लाइनवर स्वार झालेली लहर त्याला दिसतच नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो, १२ व्होल्टवर लहरीची मर्यादा १२० मिलिव्होल्ट. म्हणून मीटर नापास म्हणाला तर विश्वास ठेवावा, पास म्हणाला तर ठेवू नये. हिरवी-काळी तार जोडून एसएमपीएस बाहेर चालू करून बघतात, त्याचाही इथे उपयोग नाही. लोड नसताना माझाही चालू व्हायचा.

शेवटी मिरजेच्या मित्राने त्याच्या पीसीतला ६५० वॉटचा एसएमपीएस काढून दिला. आधी प्लग काढला, मागचं बटण बंद, थोडा वेळ थांबलो, मगच तारा सोडवल्या. मित्राचा मॉड्युलर होता, म्हणजे केबल डब्यापासून सुट्या होणारा, म्हणून त्याच्याच केबल वापरल्या. दुसऱ्या एसएमपीएसची केबल बसते, पण आतल्या तारांची जुळणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळते. १०० टक्के मर्यादेवर तोच एक्स्पोर्ट, तीच संध्याकाळ. मीटर १२.०८ वरून फक्त १२.०१ वर आला आणि एक्स्पोर्ट पुरा झाला. पुन्हा जुना लावला, पुन्हा रिस्टार्ट. ही उलट तपासणी केली नसती तर तारा काढून-घालून एखादा सैल कनेक्टरच नीट बसला असावा, ही शंका राहिली असती.

मित्र म्हणाला, “खोलून कपॅसिटर बदलू की, शंभर-दोनशेचं काम.” मी नाही म्हणालो. आत सव्वातीनशे ते चारशे व्होल्टचा साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. रोज हे काम करणाऱ्याने करावं. नवा ६५० वॉटचा घेतला. जुना मेहुण्याने दुकानातल्या बिलिंगच्या पीसीला मागितला, “तिथं लोड कुठंय?” म्हणाला. दिला नाही. लहर हलक्या लोडलाही हार्डडिस्कपर्यंत पोचते, आणि त्या डिस्कवर त्याची वर्षाची बिलं आहेत.