अँड्रॉइडवरून आयफोनवर: गाव हललं, शेतही हललं, बॅलन्स मात्र राहिला

नवा फोन आयफोन निघाला, म्हणून या वेळची नोंद लढाईची नाही, स्थलांतराची आहे. हलवायचे गेम दोन: क्लॅश ऑफ क्लॅन्समधलं टाऊन हॉल १३ चं गाव आणि स्टारड्यू व्हॅलीतलं शेत. दोन्हींची तऱ्हा अगदी वेगळी. गाव कंपनीच्या सर्व्हरवर राहतं, शेत फोनच्या पोटात.

अॅपलचं Move to iOS दोन्हींच्या कामाचं नाही. त्यातून फोटो, मेसेज, कॉन्टॅक्ट येतात, काही फुकट अॅप्सही नव्या फोनवर उतरतात, पण गेमची प्रगती येत नाही. आणि अँड्रॉइडवर आपल्याला सवय असलेलं गूगल प्ले गेम्सचं लॉगिन आयफोनवर चालत नाही. गाव फक्त त्यालाच जोडलेलं असेल, तर नव्या फोनवर त्याच्यापर्यंत पोचायला वाटच नाही. म्हणून खरं काम जुन्या फोनवर, तेही तो हातातून जाण्याआधी.

गेममध्ये गिअरच्या चिन्हावर जाऊन सुपरसेल आयडीचं बटण बघायचं. जोडलेलं नसेल तर तिथेच ईमेल द्यायचा. पासवर्डची भानगड नाही, मेलवर सहा आकडी कोड येतो. त्यामुळे हा मेल आजही उघडणारा हवा. कॉलेजचा किंवा जुन्या नोकरीचा पत्ता देऊन ठेवला असेल तर आधी तो निस्तरा. मग प्रोफाइलमधला # ने सुरू होणारा प्लेअर टॅग दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. पुढे काही अडलं तर सपोर्टला सांगायला तोच लागतो, कारण आपल्या नावाचे खेळाडू ढिगाने असतात.

नव्या फोनवर गेम आधी कोरं गाव देऊ पाहतो. त्याला नाव देत बसायचं नाही, की त्याच्यासाठी नवी नोंदणी करायची नाही. सरळ जुन्या सुपरसेल आयडीने लॉगिन, मेलवरचा कोड, की आपलं गाव समोर. तेच गाव आहे याची खात्री हवी असेल तर जुन्या फोनवरही गेम उघडा ठेवा: नव्यावर गाव उघडलं की जुन्यावर दुसरं उपकरण जोडलं जात असल्याचा संदेश येतो आणि तिथला खेळ तुटतो. माझ्याकडे तस्संच झालं. बिल्डर जिथे होते तिथेच ठोकाठोक करत होते.

जेम्सचं काय, हे क्लॅनमध्ये सगळेच विचारतात. विकत घेतलेले जेम्स गावाच्या खात्यात जमा झालेले असतात, ते गावाबरोबरच येतात. त्यांच्यासाठी Restore Purchases शोधू नका. ते बटण कायमच्या खरेदीसाठी असतं, म्हणजे जाहिराती काढणं वगैरे, आणि तेही त्याच स्टोअरच्या त्याच खात्यावर.

अडतं ते अर्धवट व्यवहारात. यूपीआयने पैसे भरले, प्लेवर व्यवहार पेंडिंग दिसतोय आणि जेम्स आलेले नाहीत, अशा वेळी फोन बदलू नका. पैसे पोचल्यावर गेमने ती खरेदी प्ले स्टोअरकडून उचलून पक्की करावी लागते. तीन दिवसांत ती पक्की झाली नाही, तर प्ले पैसे आपोआप परत करतं. आयफोनवरचा गेम प्लेशी बोलतच नाही, म्हणून जुन्या फोनवर गेम उघडून जेम्स आलेले डोळ्यांनी बघायचे आणि मगच निघायचं. GPA ने सुरू होणाऱ्या ऑर्डर क्रमांकाची पावती मेलमध्ये जपून ठेवा. गिफ्ट कार्डचा प्ले बॅलन्स मात्र अॅप स्टोअरमध्ये चालत नाही. माझा थोडा उरलाय, भाचीच्या गेमवर उडवायचा विचार आहे. ती माझ्याच जुन्या फोनवर खेळणार.

आता स्टारड्यू. पैसे देऊन घेतलेला गेम एका स्टोअरवरून दुसऱ्यावर येत नाही, म्हणून अॅप स्टोअरवर पुन्हा विकत घेतला. खिशाला चाट बसली, पण शेत सोडवत नव्हतं. जुना फोन केबलने लॅपटॉपला लावला, कारण अँड्रॉइड ११ पासून साधे फाइल मॅनेजर या जागी पोचू देत नाहीत:

```
Android/data/com.chucklefish.stardewvalley
```

त्यात शेतकऱ्याचं नाव आणि पुढे आकडे असलेलं फोल्डर असतं. आत दोन मुख्य फाइली: एक फोल्डरच्याच नावाची, दुसरी SaveGameInfo. अख्खं फोल्डर उचलायचं, नुसती एक फाइल नाही. आयफोनवर आधी गेम एकदा सुरू केला, म्हणजे Files मध्ये On My iPhone खाली त्याचं फोल्डर तयार होतं. तिथे आणून ठेवलं. दोन्हीकडची आवृत्ती मात्र आधी पडताळा: १.६ वर खेळलेलं शेत जुन्या १.५ मध्ये उघडण्याची आशा धरू नका.

कोंबड्या आहेत, तळघरातली पिंपं आहेत. जुना फोन रीसेट करण्याआधी एक दिवस खेळून, झोपून, सेव्ह होतंय का ते बघितलं. शेवटी प्ले स्टोअरमधली सबस्क्रिप्शन्स उघडून एका कोडे-गेमचं मासिक शुल्क बंद केलं. अॅप उडवलं तरी ते कापलं जातच राहतं.