वहिनीच्या हाताची ट्यूब माझ्या तोंडाला, आणि एका साध्या क्रीमसाठी चार फार्मसी

आधीच सांगते, डॉक्टरांबद्दल काही तक्रार नाही, मॅडम एकदम बऱ्या भेटल्या. डोकं फिरलं ते फार्मसीच्या काउंटरवर, आणि त्याच्या आधी स्वतःवरच.

आम्ही फोंड्याला राहतो. वहिनी जेवणाचे डबे देते, दिवसभर हात भांड्याच्या साबणात, त्यामुळे तळव्यांना एक्झिमा, भेगा पडून रक्त यायचं. तिला स्किनच्या डॉक्टरांनी क्लोबेटासोल या स्टेरॉइड मलमाची ट्यूब दिलेली, पंधरा दिवसच लावायची म्हणून, आणि हात खरंच सुधारले. मार्चमध्ये माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल होऊन खवले सुटायला लागले, त्यात नवीन डिओने काखेतही खाज सुरू झाली. वहिनी म्हणाली लाव गो हीच, माझं कसं गेलं बघ. ट्यूबवर बघितलं तर 0.05 टक्के. मी शाळेत गणित शिकवते, म्हटलं एवढुसं प्रमाण, काय होणार! आणि खरंच दोन दिवसांत तोंड साफ.

इथंच फसले. स्टेरॉइडच्या मलमांत टक्क्यावरून ताकद कळतच नाही, ती औषधाच्या नावावरून ठरते. 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यात सौम्य गटातलं आणि 0.05 टक्के क्लोबेटासोल सगळ्यात जहाल गटातलं. शिवाय अमेरिकन पद्धतीने जे सात वर्ग करतात त्यात 1 म्हणजे सगळ्यात जहाल आणि 7 म्हणजे सौम्य, म्हणजे तिथंही आकडा उलटाच वाचायचा.

मग तेच चक्र. लावलं की साफ, बंद केलं की चौथ्या दिवशी आधीपेक्षा लाल आणि वर जळजळ, म्हणून परत लावायचं. असे चार महिने गेले. जुलैत हनुवटीवर बारीक बारीक पुळ्या आल्या, ओठाला लागून एक पातळ कड तेवढी सुटलेली, बाकी तोंडाभोवती सगळीकडे. गाल कांदा सोलल्यावर दिसतो तसे चकचकीत, आणि खिडकीच्या उजेडात आरसा धरला तर नाकाशेजारी लाल धाग्यासारख्या शिरा. काखेत जांभळट पट्टे उठलेले, बाळंतपणानंतर पोटावर असतात तसे. ते बघून मात्र घाबरले.

पणजीला मॅडमकडे गेले. त्यांनी पहिलं विचारलं, "कुठली ट्यूब, आणि किती दिवस?" मी वहिनीची म्हटल्यावर त्यांनी माझा तळवा उलटा केला आणि म्हणाल्या, "ही जाड कातडी, इथून औषध आत जायला जोर लागतो. जबड्याच्या कातडीतून याच्या दहापटीपेक्षा जास्त जातं. आणि काखेत तर कातडीवर कातडी, वर घाम, म्हणजे मलम लावून प्लास्टिक गुंडाळल्यासारखं." म्हणजे वहिनीच्या डॉक्टरांनी दिलं ते बरोबरच होतं, तिच्या हातासाठी. मलमाने कातडीची जाडी कमी होते ती मलम बंद केल्यावर हळूहळू बरीचशी भरते, पण काखेतले पट्टे फिके होतील, जाणार नाहीत, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

चिठ्ठी अशी. क्लोबेटासोल आजपासून बंद. तोंड एकदम भडकू नये म्हणून 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन, सात दिवस रोज रात्री, मग सात दिवस एक दिवसाआड, मग तेही बंद आणि पुढे टॅक्रोलिमस, जे स्टेरॉइड नाही आणि कातडी पातळ करत नाही. पुळ्यांसाठी गोळ्या. काखेत काहीच नाही, कोरडं ठेवायचं आणि डिओ फेकून द्यायचा.

आता खरी गंमत. क्लिनिकच्या खालच्याच फार्मसीत चिठ्ठी दिली, त्या माणसाने बघितली न बघितली आणि मोमेटासोन पुढे केलं. मी म्हटलं हे नाव वेगळं आहे. "सेमच आसा बाय, उलट हें चड बरें." अहो सेम कसं? मोमेटासोन त्याच सात वर्गांत मधल्या पायरीवर येतं, आणि मला उतरायला सांगितलेलं खालच्या पायरीवर! दुसरीकडे त्याहून वाईट, त्यांनी बीटामेथासोनची ट्यूब दिली, नावाच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं जोडलेली. ती अक्षरं बघायला मी आता शिकलेय. एकाच नावाच्या चार ट्यूब असतात, एकीत नुसतं स्टेरॉइड, एकीत अँटिबायोटिक, एकीत फंगसचं औषध, एकीत सॅलिसिलिक ॲसिड, जे स्टेरॉइडला अजून आत ढकलतं. पुढचं मोठं नाव वाचून काही उपयोग नाही, मागे बारीक अक्षरात घटक असतात ते वाचायचे. तिसऱ्याने तर हायड्रोकॉर्टिसोन म्हटल्यावर इंजेक्शनची बाटली आणून ठेवली. तोंडाला लावायचंय म्हटलं तर म्हणतो, मग क्लोबेटासोल न्या, सगळे नेतात. चार महिने जे लावून तोंड गेलं तेच!

आणि ती ट्यूब त्याने मला चिठ्ठी नसती तरी दिली असती. 2018 साली केंद्राने अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, पण मी उभी होते तेवढ्यात माझ्या पुढच्या मुलाने नुसता रिकामा खोका दाखवून जांघेच्या नायट्यासाठी नेली. नायट्यावर नुसतं स्टेरॉइड म्हणजे खाज थांबते आणि खाली बुरशी पसरत राहते, हे मॅडमनी मला नुकतंच सांगितलेलं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. त्याची अजून चुटपुट लागते.

शेवटी बस पकडून फोंड्याला परत, तिथल्या चौथ्या दुकानात बाई होत्या, त्यांनी शेल्फ शोधलं, नाही म्हणून खरं सांगितलं आणि ऑर्डर टाकली. दोन दिवसांनी मिळालं. ते दोन दिवस तोंडावर मिरची वाटून लावल्यासारखं होतं, ओला रुमाल ठेवून बसले. एवढंसं क्रीम, पण ठेवत नाहीत कुणी.

किती लावायचं तेही मला माहीत नव्हतं. ट्यूबमधून अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ काढायची, तेवढी बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मी नाकाच्या दोन बाजूंना तेवढी एकेक थापत होते.

पुढचं पटकन सांगते. दुसऱ्या आठवड्यात तोंड परत भडकलं, तेव्हा परत वहिनीच्या ट्यूबकडे हात जायला लागला होता, पण मॅडमनी आधीच सांगितलेलं की हे होणार, म्हणून टिकले. टॅक्रोलिमसने पहिले चार-पाच दिवस चुणचुणतं, ट्यूब फ्रीजमध्ये ठेवली की कमी वाटतं. चवथीला पाहुण्यांसमोर लालच तोंड घेऊन बसले, नोव्हेंबरमध्ये कुठे बरं दिसायला लागलं. हां, आणि पापण्यांना लावलं असेल तर डॉक्टरांना सांगाच, मी लावलं होतं दोन-तीनदा, तर त्यांनी डोळ्याचं प्रेशर तपासून घ्यायला लावलं. नॉर्मल निघालं.

मध्ये वहिनीच्या कपाटात त्या ट्यूबचा खोका सापडला, आत कागद होता घडी न मोडलेला. त्यात सरळ लिहिलंय, चेहरा, काख आणि जांघ इथे लावू नये, सलग दोन आठवड्यांच्या वर नको. वहिनीने वाचलं, काही बोलली नाही, मार्कर घेऊन ट्यूबवर मोठ्या अक्षरात 'हात' लिहिलं. काखेतले पट्टे आता जांभळ्याचे पांढरे झालेत.