कर्मचारी सोडून जातो त्या दिवसाचा हिशेब

"आम्ही अठरा जण, टूल्स बारा-तेरा. सगळीकडे एकच लॉगिन ठेवावं की वेगवेगळे पासवर्डच बरे? एक खातं फुटलं तर सगळंच जाईल ना?"

जाईल. पण वेगळे पासवर्ड ठेवलेत तरी जातंच, आणि हे प्रत्येकाला नव्यानं सांगण्याचा कंटाळा आला म्हणून एकदा लिहून टाकतो. जवळपास प्रत्येक टूलवर 'पासवर्ड विसरलात?' अशी सोय असते आणि नवा पासवर्ड लावायची लिंक कंपनीच्या मेलवर येते. मेलबॉक्स ज्याच्या हाती, त्याच्या हाती बाकी सगळं. बाराही ठिकाणी टू-फॅक्टर स्वतंत्रपणे लावलेलं असेल तर गोष्ट वेगळी, पण अशी छोटी कंपनी क्वचितच दिसते. तेव्हा एका खात्यावर सगळी भिस्त ठेवायची की नाही, हा निर्णय तुम्ही कंपनीचा मेल घेतलात तेव्हाच झाला. त्या मेलला सिक्युरिटी की किंवा पासकी लावली आहे का, तेवढं आधी बघा.

आता एसएसओचा, म्हणजे एकाच लॉगिननं सगळीकडे जाण्याच्या सोयीचा, खरा कस लागतो तो माणूस नोकरी सोडतो तेव्हा. पुण्यातली अठरा जणांची एक कंपनी धरू. मेल गूगल वर्कस्पेसवर. चॅटला स्लॅक, कोडला गिटहब, डिझाइनला फिग्मा, शिवाय बिलिंग, सीआरएम आणि किरकोळ चार-पाच. डिझाइन आणि मार्केटिंग बघणारी कर्मचारी शुक्रवारी जाते आहे.

वेगळे पासवर्ड असतील तर सगळं एका प्रश्नाशी येऊन अडतं: तिची खाती नेमकी कुठे कुठे आहेत? यादी नसते. मेल बंद केला म्हणून सीआरएममधला पासवर्ड चालायचा थांबत नाही. सोशल मीडियाचा सामाईक पासवर्ड तर सहा जणांना पाठ असतो.

"म्हणजे एसएसओच घ्यायचं." थांबा, इथेच गल्लत होते. बहुतेक टूल्सवर फुकट मिळणारं `Sign in with Google` हे बटण म्हणजे आत यायची एक सोय आहे. दुसरं दार ते बंद करत नाही. तिनं मागे कधी त्याच खात्याला पासवर्डही लावून ठेवला असेल, तर तो चालूच राहतो. फक्त एसएसओनंच आत येता येईल अशी सक्ती करायची तर ती सोय बहुधा वरच्या प्लॅनमध्ये असते. शिवाय एकदा आत आलेल्या माणसाला टूल स्वतःचं सेशन देतं. गूगलचं खातं बंद झाल्याची खबर त्या टूलला आपोआप लागत नाही, त्यामुळे तिच्या फोनवरचं ॲप पुढेही उघडंच राहू शकतं. ही खबर पोचवायची व्यवस्था म्हणजे `SCIM`, आणि तिचेही पैसे सहसा वेगळेच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. खातं लगेच सस्पेंड करू नका, कारण सस्पेंड केलेल्या पत्त्यावर नवा मेल येत नाही, आणि एखाद्या टूलची मालकी किंवा डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना नेमकी त्याच पत्त्यावर असते. आधी ॲडमिन कन्सोलमधून तिचा पासवर्ड बदला, साइन-इन कुकीज रीसेट करा, ॲप पासवर्ड आणि जोडलेली ॲप्स काढा. तिथेच जोडलेल्या ॲप्सची यादी दिसते, ती काढण्याआधी उतरवून घ्या. एसएसओच्या बाजूनं माझा सगळ्यात मोठा मुद्दा हाच: बटणानं लॉगिन केलेली टूल्स या यादीत सापडतात. मग एकेका टूलमध्ये जाऊन मालकी दुसऱ्याच्या नावावर करा आणि तिचं खातं निष्क्रिय करा. त्यानं तिथली सेशन्सही तुटतात. सस्पेंड शेवटी.

एक फट तरीही उरते. `naav+x@company.in` अशा पत्त्यावर कुणीही कर्मचारी जीमेलविना साधं गूगल खातं काढू शकतो. खात्रीचा कोड अधिकच्या चिन्हामुळे मूळ मेलबॉक्समध्येच येतो, पण हे खातं तुमच्या ॲडमिन कन्सोलच्या कक्षेत नसतं. ट्रफल सिक्युरिटीनं डिसेंबर २०२३ मध्ये हे जाहीर केलं. फक्त डोमेन बघून आत घेणाऱ्या टूलमध्ये असा माणूस नोकरी सोडल्यावरही शिरू शकतो. उपाय रुक्ष आहे: 'या डोमेनचा कुणीही सामील होऊ शकतो' ही सेटिंग बंद करा, निमंत्रणावरच प्रवेश द्या आणि सदस्यांच्या यादीत `+` शोधा.

"मग एसएसओची सक्ती करायला लागणारं सॅमलच विकत घ्या ना!" असा सल्ला सोपा असतो, बिल दुसऱ्याचं असलं की. गिटहबचंच बघा. टीम प्लॅन माणशी महिना ४ डॉलर, आणि सॅमल मिळतं त्या एंटरप्राइझ प्लॅनची छापील किंमत २१. आठ डेव्हलपर असतील तर फरक महिन्याला १३६ डॉलर, वर्षाला १,६३२. त्या बदल्यात काय मिळतं? गिटहबवरचं खातं तसंही कर्मचाऱ्याचं स्वतःचं असतं. त्याला ऑर्गनायझेशनमधून काढलं की खाजगी रेपो बंद, त्याची एसएसएच की तिथे निरुपयोगी. टू-फॅक्टरची सक्ती टीम प्लॅनमध्येही करता येते. मागे राहतात त्या सर्व्हरला कोड उचलू देणाऱ्या डिप्लॉय की, कारण त्या माणसाला बांधलेल्या नसतात, आणि त्यानं पाहिलेले सर्व्हरचे पासवर्ड. दोन्ही बदलावेच लागतात आणि त्यात सॅमलचा काही उपयोग नाही. म्हणून आठ जणांसाठी मी नको म्हणतो. तीस झाले की मात्र माणसं काढायचं काम हातानं करण्यात विसर पडतो, आणि माझंच म्हणणं मला डळमळीत वाटू लागतं. नेमकी रेघ कुठे मारायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काही खाती मात्र एसएसओत मुळीच घालू नयेत. पहिलं, डोमेन रजिस्ट्रारचं. गूगलच्या ॲडमिन खात्यातून तुम्ही बाहेर अडकलात, तर मालकी सिद्ध करायला डीएनएसमध्ये नोंद टाकायला सांगतात. रजिस्ट्रारचं लॉगिन त्याच गूगल खात्यानं होत असेल तर तिथेही जाता येत नाही, आणि दोन्ही दारं एकदमच बंद. म्हणून त्याला वेगळा लांब पासवर्ड आणि कंपनीच्या डोमेनबाहेरचा संपर्क मेल. सुपर ॲडमिन दोन हवेत, आणि त्यांचे बॅकअप कोड कागदावर, कुलपात.

बँक आणि जीएसटी पोर्टल तुमच्या एसएसओत बसतच नाहीत. तिथे पासवर्ड मॅनेजर वापरा, आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो ते तपासा. सोडून जाणाऱ्या अकाउंटंटचा नंबर तिथे नोंदलेला असेल तर पासवर्ड कितीही बदला, अडकाल.

बाहेरच्या लोकांचं अजून राहिलं. सीएच्या ऑफिसातली मुलं, दोन महिन्यांचा फ्रीलान्सर हे सगळे आपापल्या जीमेलनं येतात, आणि तुमचा एसएसओ त्यांच्यावर चालत नाही. गूगलच्या क्लाउड आयडेंटिटीच्या मोफत आवृत्तीत मेलबॉक्स नसलेली पन्नास खाती मिळतात. ती तुमच्या डोमेनची असल्यानं एका जागेवरून बंद करता येतात. फक्त आधी लायसन्सचं आपोआप वाटप बंद करा, नाहीतर प्रत्येकाला पैसे देऊन घेतलेलं लायसन्स लागेल. अडचण इतकीच की मेलबॉक्स नसल्यामुळे टूलचं निमंत्रण त्यांना पोचत नाही, ते मॅनेजरच्या मेलकडे वळवावं लागतं. सीएच्या ऑफिससाठी हा खटाटोप मी करायला लावतो. फ्रीलान्सरसाठी कधी लावतो, कधी नाही. त्याला ग्राहकांचा डेटा दिसणार आहे का, यावर ते ठरतं.